पंप किती फुटांवर सोडायचा?

बोअर 300 फूट, म्हणून पंपही 290 फुटांवर सोडला, तर तळाचा गाळ पंपात ओढला जातो आणि मोटर गाळात रुतून तापते. खोली ठरवायची ती पाण्याच्या दोन पातळ्यांवरून.

पंप रात्रभर बंद ठेवून सकाळी वजन बांधलेली दोरी सोडा. मे महिन्यात ती 110 फुटांवर ओली झाली, तर ही स्थिर पातळी. मग पंप चालवून दर अर्ध्या तासाने मोजा. पाणी उतरत जाऊन चार तासांनी 190 फुटांवर टिकलं, तर ही चालू पातळी. तिच्याखाली 30 फूट पाणी राखून पंप 220 फुटांवर सोडा.

हेच माप पावसाळ्यात घेतलं, तर फसगत होते. तेव्हा पाणी 40 फुटांवर असतं, चालू पातळी 120 भरते. त्या हिशेबाने 150 फुटांवर सोडलेला पंप उन्हाळ्यात कोरडा पडतो. पाइपातून हवेचे गचके येऊ लागतात, अँपिअरचा काटा खाली येतो.

पातळी कुठेच टिकत नसेल, तर उपसा झऱ्यांपेक्षा जास्त आहे. तिथे पंप खाली नेऊन भागत नाही. व्हॉल्व्ह दाबून पाणी कमी करावं लागतं.