पाण्यातला वेगळा प्रवासी

काचेच्या एका नळीत जेली भरलेली आहे. जेलीत थोडं मीठ, फिनॉल्फ्थॅलीन आणि त्याला गुलाबी रंग येण्यापुरता किंचित अल्कली मिसळला आहे. नळीच्या एका टोकाला आम्ल ठेवून वीज सोडली की त्या टोकाकडून गुलाबी रंग पुसला जाऊ लागतो आणि ही पुसट हद्द हळूहळू पुढे सरकते. हद्द सरकते ती हायड्रोजन आयन पुढे येत असल्यामुळे. इंग्लंडच्या ऑलिव्हर लॉज यांनी 1886मध्ये अशा रीतीने आयनाची चाल डोळ्यांना दिसेल अशी करून दाखवली.

ही चाल आहे तरी किती? पाण्यात दर सेंटिमीटरला एक व्होल्टचा फरक ठेवला, तर 25 अंश सेल्सिअसला सोडियम आयन तासाभरात जेमतेम 2 सेंटिमीटर सरकतो. पोटॅशियम आणि क्लोराइड पावणेतीनच्या आसपास जातात. हायड्रोजन आयन मात्र 13 सेंटिमीटर पुढे पोचलेला असतो. ठरावीक विद्युत क्षेत्रात आयन किती वेगाने सरकतो, त्यालाच त्याची गतिशीलता म्हणतात.

लहान असल्यामुळे तो पळत असेल, हे उत्तर चटकन सुचतं, पण ते टिकत नाही. लिथियमही लहानच आहे आणि तो सोडियमपेक्षाही मंद चालतो. लहान आयन भोवतालचं पाणी घट्ट धरून ठेवतो आणि ते लटांबर घेऊन त्याला सरकावं लागतं. हायड्रोजन आयन तर पाण्यात एकटा राहूच शकत नाही. तो एखाद्या रेणूला चिकटतो आणि H₃O⁺ तयार होतो. त्याचा आकार साधारण पोटॅशियम आयनाएवढा, म्हणजे वेगही तेवढाच हवा होता. प्रत्यक्षात तो जवळपास पाचपट आहे.

याचं कारण असं की H₃O⁺ला स्वतः फारसं जावंच लागत नाही. स्लॅब टाकताना घमेली हातोहात पुढे जातात आणि माणसं जागची हलत नाहीत, तसाच काहीसा प्रकार इथे आहे. फरक एवढाच की इथला प्रत्येक जण आलेलं घमेलं ठेवून घेतो आणि स्वतःजवळचं पुढे देतो. H₃O⁺ आपला एक प्रोटॉन शेजारच्या रेणूला देतो. तो रेणू आता H₃O⁺ होतो आणि आपल्याजवळचा दुसराच प्रोटॉन पुढे सरकवतो. ही कल्पना थिओडोर ग्रोटहस यांनी 1806मध्ये मांडली, पाण्याचं सूत्रही नीट ठरलेलं नसताना. त्यांच्या डोळ्यांपुढे अखंड साखळी एकदम हलण्याचं चित्र होतं. ते बरोबर नव्हतं. उडी एका वेळी एकच पडते. तिला खरा अडसर असतो तो पुढच्या रेणूचा. आधीच शेजाऱ्यांच्या हायड्रोजन बंधांत गुंतलेल्या त्या रेणूचा एखादा बंध सुटल्याशिवाय त्याला नवा प्रोटॉन घेता येत नाही.

अशी उडी सुमारे एका पिकोसेकंदात होते. म्हणजे सेकंदाला जवळपास एक लाख कोटी उड्या. त्या सगळ्या एकाच दिशेने पडल्या असत्या, तर प्रोटॉन सेकंदात शेदोनशे मीटर गेला असता. पण त्या वाटेल तिकडे पडतात. विजेचा दाब त्यांना एका बाजूला अगदी थोडं झुकवतो, म्हणून निव्वळ प्रगती सेकंदाला मिलिमीटरच्या तीन-चार शतांशांएवढीच.

आता वहनांक पाहू. द्रावणातून जाणाऱ्या एकूण विजेपैकी एखाद्या आयनाचा वाटा म्हणजे त्याचा वहनांक. विरळ मिठाच्या पाण्यात सोडियमचा वाटा 0.40 आणि क्लोराइडचा 0.60 असतो. हायड्रोक्लोरिक आम्लात हायड्रोजनचा वाटा सुमारे 0.83 होतो आणि क्लोराइडला उरतो 0.17. जर्मन शास्त्रज्ञ हिटॉर्फ यांनी 1853पासून असे आकडे काढले, तेही वेग न मोजता. आम्लातून एक मोल इलेक्ट्रॉनांएवढी वीज सोडली, तर ऋणाग्रावर एक मोल हायड्रोजन आयन संपतात आणि 0.83 मोल नव्याने येतात. त्याच वेळी 0.17 मोल क्लोराइड तिथून निघून जातात. म्हणजे त्या भागातलं आम्ल 0.17 मोलने घटतं. नंतर तो भाग वेगळा काढून त्यातलं आम्ल मोजलं की वाटा हाती येतो. अट एकच, मधल्या भागातलं द्रावण जसंच्या तसं राहिलं पाहिजे. तेही बदललेलं आढळलं, तर द्रावणं एकमेकांत मिसळली असं समजावं आणि प्रयोग पुन्हा करावा.

हायड्रोजनच्या या वेगाचा रोजचा उपयोग प्रयोगशाळेत होतो. हायड्रोक्लोरिक आम्लात सोडियम हायड्रॉक्साइड थेंबथेंब घातलं की वेगवान हायड्रोजनच्या जागी मंद सोडियम येतो आणि द्रावणाची वाहकता झपाट्याने पडत जाते. आम्ल संपलं की पुढच्या थेंबांतले हायड्रॉक्साइड आयन शिल्लक राहू लागतात. तेही प्रोटॉनांच्या देवाणघेवाणीनेच पुढे सरकतात, म्हणून वाहकता पुन्हा चढते. आलेखावरच्या दोन रेषा जिथे मिळतात, तो अंतिम बिंदू. द्रावण गढूळ किंवा रंगीत असेल आणि दर्शकाचा रंग दिसत नसेल, तेव्हा ही पद्धत कामी येते.