पश्चिमेची भिंत आणि तीन विटा

मे महिन्यात नागपुरात रात्री अकरा वाजता पश्चिमेकडच्या भिंतीला आतून तळहात लावून पाहा. सूर्य मावळून चार तास झालेले असतात, तरी भिंत गरम लागते. दुपारी बाहेरच्या गिलाव्यावर पडलेल्या उन्हाची धग नऊ इंची वीटकामातून आत यायला सहा-सात तास घेते, आणि नेमकी आपण अंथरुणाला पाठ टेकतो तेव्हा पोहोचते. म्हणून घर बांधताना प्रश्न पडतो: लाल वीट, राखेची वीट की पांढुरका, हलका एएसी ब्लॉक?

कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांमुळे इथे राखेची वीट सहज मिळते. ती मापात एकसारखी असते, त्यामुळे गिलावा कमी लागतो. शिवाय तिच्यासाठी शेतातली माती खरवडावी लागत नाही. पण घर थंड राहील म्हणून ती घेत असाल, तर निराशा होईल. लाल वीट काय नि राखेची काय, दोन्ही भरीव, आणि भरीव वस्तूतून उष्णता सहज वाहते.

गंमत म्हणजे आपल्याकडचा एएसी ब्लॉकही बहुतेक वेळा याच राखेचा असतो. राख, सिमेंट, चुना आणि जिप्सम यांच्या पातळ मिश्रणात चिमूटभर ॲल्युमिनियमची पूड घातली की वायू सुटतो आणि मिश्रण ढोकळ्यासारखं फुगतं. मग ते कापून बंद टाकीत दाबाखालच्या वाफेवर कित्येक तास शिजवतात. फोडलेला ब्लॉक जवळून पाहिला तर बारीक बारीक छिद्रं दिसतात. उष्णता अडवते ती त्यांत कोंडलेली हवा.

हिशेब करून पाहू. भिंत दहा फूट उंच, अकरा फूट लांब. उन्हाचा ताप धरून बाहेरचं तापमान आतल्यापेक्षा सरासरी १० अंशांनी जास्त आहे असं माना. नऊ इंची लाल विटेच्या, दोन्ही बाजूंनी गिलावा केलेल्या भिंतीतून सुमारे १९० वॅट उष्णता आत येते, राखेच्या विटेतून जवळपास २००. म्हणजे खोलीत शंभराचे दोन जुने दिवे सतत जळत ठेवल्यासारखं. आठ इंची एएसी ब्लॉकच्या भिंतीतून मात्र साधारण ८० वॅटच येतात.

हा फायदा गवंड्याच्या हातून निसटू शकतो. सवयीने तो दोन ब्लॉकांमध्ये अर्धा इंच सिमेंटचा माल भरतो. हा माल भरीव असल्यामुळे प्रत्येक सांधा उष्णतेची वाट बनतो, आणि आत येणारी उष्णता पंधरा-वीस टक्क्यांनी वाढते. ब्लॉकसाठी खास चिकटमाल मिळतो; त्याचा सांधा २-३ मिलिमीटरचाच ठेवायचा. दुसरी चूक पाण्याची. लाल वीट भिजवून घेतात, पण ब्लॉक बुडवायचा नाही, वरवर शिंपडायचं. चिंब ब्लॉक भिंतीत वाळताना आकसतो आणि गिलाव्याला भेगा पडतात. खांब आणि ब्लॉक जिथे भेटतात तिथे गिलाव्याखाली जाळी लावली नाही, तर पहिल्या उन्हाळ्यातच उभी चीर दिसते.

ब्लॉकची ताकदही कमी असते. तो खांब-तुळयांच्या सांगाड्यात भरायला उत्तम, पण ज्या घरात स्लॅबचा भार भिंतीच पेलतात, तिथे चांगली लाल किंवा राखेची वीटच हवी. जोत्याखाली, ओलीतही ब्लॉक नको. वीट पारखायची सोपी रीत आहे: दोन विटा एकमेकींवर आपटल्या तर खणखणीत आवाज यावा. तीन किलोची कोरडी वीट चोवीस तास पाण्यात ठेवून ३.६ किलोपेक्षा जड झाली, तर ती परत पाठवा. राखेची वीट पुरेसं पाणी न मारता, घाईने पाठवलेली असेल तर नखाने कोपरा भुगभुगीत निघतो.

मग सगळ्या भिंतींना ब्लॉक हवा का? आतल्या भिंतींवर ऊन येतच नाही, तिथे उष्णतेचा प्रश्नच नाही. मे अखेरीस नागपुरात दुपारचा सूर्य डोक्यावर असतो, त्यामुळे दक्षिणेची भिंतही फारशी तापत नाही. तापतात त्या पूर्वेच्या आणि पश्चिमेच्या. हात आखडता असेल तर ब्लॉकचा खर्च या दोनच भिंतींवर करावा. एक लक्षात ठेवा: ब्लॉक बाहेरची उष्णता अडवतो तशी आतलीही कोंडतो. स्वयंपाकाची, माणसांची धग बाहेर जायला रात्री खिडक्या उघड्या हव्यातच.

पुढच्या मे महिन्यात रात्री अकरा वाजता पुन्हा भिंतीला हात लावा. ती गार लागली आणि तरीही घाम थांबत नसेल, तर स्टुलावर चढून तोच हात छताला लावा. एकमजली घरात दिवसभराचं ऊन सर्वांत जास्त झेलतो तो स्लॅब, आणि त्याच्यावर यांतली कुठलीच वीट नसते.