एकच व्हिडिओ, तीन जाहिराती

शिक्षकखोलीत आम्ही एकदा एक छोटा प्रयोग केला. हृदयाच्या कार्यावरचा बावीस मिनिटांचा एक व्हिडिओ तीन मोबाइलवर एकाच वेळी लावला. पहिला मोबाइल ज्यांची गावाकडे कांद्याची शेती आहे अशा सरांचा होता. दुसरा बाईंचा, त्यांची मुलगी बारावीला आहे. तिसऱ्या मोबाइलवर आम्ही कोणाचेही खाते न उघडता व्हिडिओ लावला. हृदयाच्या झडपा कशा उघडतात हे सुरू असताना पहिल्या मोबाइलवर ठिबक सिंचनाची जाहिरात आली, दुसऱ्यावर प्रवेश परीक्षेच्या क्लासची. तिसऱ्यावर त्या ठिकाणी काहीच आले नाही, थोडे पुढे मात्र साबणाची जाहिरात आली.

व्हिडिओ एकच, मग जाहिराती वेगळ्या का? आणि एका ठिकाणी जाहिरात आलीच नाही, ती का? या दोन प्रश्नांची उत्तरे आपण यूट्यूबचे उदाहरण घेऊन शोधू या.

जाहिरात व्हिडिओत नसतेच

चित्रपटगृहात पूर्वी जाहिरातीची फीत मूळ फितीच्या आधी जोडलेली असे. सगळ्या प्रेक्षकांना एकच जाहिरात दिसे. मोबाइलवरच्या व्हिडिओत तसे नसते. व्हिडिओ तयार करणारा आपली फाइल पाठवतो, तिच्यात जाहिरात नसते. फाइलसोबत फक्त काही वेळा नोंदवलेल्या असतात: सुरुवातीला, मग समजा 5 मिनिटे 40 सेकंदांवर, मग 13 मिनिटे 10 सेकंदांवर. या नोंदी म्हणजे रिकाम्या जागा. वर्तमानपत्राचे पान लावताना जाहिरातीसाठी चौकट मोकळी ठेवतात, तसेच हे. फरक इतकाच, की इथे प्रत्येक वाचकाच्या प्रतीत ती चौकट वेगळ्या मजकुराने भरली जाते.

व्हिडिओ आपल्यापर्यंत सलग येत नाही. काही सेकंदांचे तुकडे एकामागून एक येतात आणि मोबाइल ते जोडून दाखवतो. नोंदवलेली वेळ जवळ आली, की मोबाइलमधला दाखवणारा प्रोग्रॅम कंपनीच्या संगणकाकडे विचारणा करतो, ‘या प्रेक्षकासाठी जाहिरात आहे का?’ उत्तर ‘आहे’ असे आले, तर मूळ व्हिडिओ थांबतो, जाहिरातीची वेगळी फाइल चालते आणि मग व्हिडिओ सोडलेल्या जागेपासून पुढे सुरू होतो. दुसऱ्या एका पद्धतीत जाहिरातीचे तुकडे कंपनीच्या संगणकावरच मूळ तुकड्यांच्या मध्ये ओवले जातात. मग मोबाइलला ते वेगळे ओळखू येत नाहीत.

संगणकावर यूट्यूबचा व्हिडिओ पाहताना खालच्या पट्टीवर कधीकधी पिवळ्या खुणा दिसतात. त्याच या मोकळ्या जागा.

मधली जागा कोण ठरवतो?

व्हिडिओच्या मध्ये येणाऱ्या जाहिरातीला ‘मिड-रोल’ म्हणतात. ती प्रत्येक व्हिडिओत येऊ शकत नाही, व्हिडिओ किमान 8 मिनिटांचा असावा लागतो. जुलै 2020 पर्यंत ही मर्यादा 10 मिनिटांची होती. पाच मिनिटांत संपणारा विषय साडेआठ किंवा सव्वादहा मिनिटे का ताणलेला असतो, याचे एक कारण या नियमात सापडते.

जागा दोन प्रकारे ठरते. व्हिडिओ करणारा स्वतः वेळ नोंदवू शकतो, किंवा हे काम संगणकावर सोपवू शकतो. संगणक व्हिडिओत नैसर्गिक विराम शोधतो: बोलणे क्षणभर थांबले, दृश्य बदलले, चित्र काळे झाले, अशा जागा. मे 2025 पासून यूट्यूबने वाक्याच्या मध्येच येणाऱ्या जाहिराती कमी करून विरामाच्या जागी जास्त दाखवायला सुरुवात केली. तरीही संगणकाला आवाजातली शांतता कळते, विषयातला दुवा कळत नाही. शिक्षक प्रश्न विचारून मुलांना विचार करायला दोन सेकंद थांबतो, ती शांतता संगणकाला उत्तम जागा वाटू शकते. शैक्षणिक व्हिडिओत जाहिरात नेमकी उत्तराच्या आधी येते, ती बहुधा अशीच.

जागा मोकळी आहे म्हणून ती भरलीच जाते असे नाही. या प्रेक्षकाने नुकतीच जाहिरात पाहिली आहे का, आणखी एक दाखवली तर तो कंटाळून निघून जाईल का, पुरेशी किंमत देणारा कोणी आहे का, हे पाहून निर्णय होतो. आमच्या तिसऱ्या मोबाइलवर ती जागा रिकामी राहिली, ती अशाच एखाद्या कारणाने.

सेकंदापेक्षा कमी वेळाचा लिलाव

आता मुख्य प्रश्न. जागा कोणाला मिळते? उत्तर आहे, लिलावाने. प्रत्येक प्रेक्षकासाठी, प्रत्येक जागेसाठी वेगळा लिलाव होतो आणि तो सेकंदाच्या काही अंशात संपतो. माणसे त्यात बसलेली नसतात. जाहिरातदारांनी आपली बोली आणि अटी आधीच नोंदवून ठेवलेल्या असतात.

पाच सेकंदांनंतर ‘स्किप’ करता येणारी जाहिरात आपण सर्वांनी पाहिली आहे. हा प्रकार डिसेंबर 2010 मध्ये सुरू झाला. एका प्रचलित पद्धतीत प्रेक्षकाने 30 सेकंद जाहिरात पाहिली (जाहिरात छोटी असेल तर पूर्ण पाहिली), किंवा तिच्यावर बोट दाबले, तरच जाहिरातदाराला पैसे द्यावे लागतात. म्हणून नुसती मोठी बोली उपयोगाची नाही. हा प्रेक्षक ती जाहिरात पाहील का, हा अंदाजही तितकाच महत्त्वाचा.

एक काल्पनिक उदाहरण सोडवू. ठिबकवाल्याची बोली एका पूर्ण पाहण्याला 40 पैसे, क्लासवाल्याची 25 पैसे आणि साबणवाल्याची 50 पैसे आहे. बाईंसारख्या 1000 प्रेक्षकांपैकी ठिबकची जाहिरात 100 जण, क्लासची 300 जण आणि साबणाची 60 जण पाहतील, असा संगणकाचा अंदाज आहे. बोली आणि अंदाज यांचा गुणाकार करा. ठिबक 40 रुपये, क्लास 75 रुपये, साबण 30 रुपये. सर्वांत कमी बोली असूनही जागा क्लासला मिळाली!

आता सरांसारखे 1000 प्रेक्षक घ्या. ठिबक 350 जण पाहतील, क्लास 40 जण, साबण पुन्हा 60 जण. गुणाकार झाले 140, 10 आणि 30 रुपये. बोली त्याच, पण जागा ठिबकला. तीन बोली न बदलता जाहिरात बदलली, कारण बदलला तो फक्त प्रेक्षकाविषयीचा अंदाज.

जिंकणारा पैसे किती देतो? अशा लिलावाचे एक प्रसिद्ध रूप अर्थशास्त्रज्ञ विल्यम विक्री यांनी 1961 मध्ये मांडले. त्यांना 1996 मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यात जिंकणारा स्वतःच्या बोलीइतके पैसे देत नाही, दुसऱ्या क्रमांकाला मागे टाकण्यापुरतेच देतो. या रीतीने बाईंच्या बाबतीत क्लासला 1000 प्रेक्षकांमागे 40 रुपयांची बरोबरी करायची आहे. 40 रुपये भागिले 300, म्हणजे एका पाहण्याला साधारण साडेतेरा पैसे, बोलीतल्या 25 पैशांच्या जवळजवळ निम्मे. यामुळे जाहिरातदाराला खोटी कमी बोली लावून काही मिळत नाही. जमा झालेल्या 40 रुपयांतले 55 टक्के, म्हणजे 22 रुपये, यूट्यूबच्या नियमाप्रमाणे व्हिडिओ करणाऱ्याला मिळतात (त्याचा यूट्यूबशी तसा करार असेल तर). गणिताच्या तासाला शेकडेवारी आणि संभाव्यता शिकवताना हे उदाहरण आकडे बदलून देता येईल.

अंदाज कशावरून?

काही माहिती व्हिडिओचीच असते: विषय, भाषा, शीर्षक. काही त्या क्षणाची: कोणते गाव, किती वाजले, मोबाइल की दूरदर्शन संच. उरलेली खात्याची: आधी काय शोधले, कोणते व्हिडिओ पाहिले, कोणत्या जाहिराती स्किप केल्या. याशिवाय तुम्ही एखाद्या दुकानाच्या संकेतस्थळावर गेला असाल, तर ते दुकान ‘आमच्याकडे येऊन गेलेल्यांनाच दाखवा’ अशी अट घालू शकते. एक चप्पल आठवडाभर आपला पाठलाग करते, ती त्यामुळे.

‘आम्ही नुसते बोललो आणि जाहिरात आली, म्हणजे मोबाइल ऐकतो,’ असे विद्यार्थी हमखास म्हणतात. त्यांना उलट प्रश्न विचारावा: तुम्ही बोललात, पण शोधले कोणी? मित्राने, भावाने, की तुम्हीच चार दिवसांपूर्वी? आणि बोलण्याशी न जुळलेल्या किती जाहिराती येऊन गेल्या, त्या मोजल्या का? जुळलेली लक्षात राहते, न जुळलेल्या विसरतात. वहीत आठवडाभर दोन्हींची नोंद ठेवली, तर हा दावा वर्गातच तपासता येईल.

जाहिरात का आली याचा काही सुगावा तिथेच मिळतो. जाहिरातीवरचे तीन ठिपके किंवा माहितीचे चिन्ह दाबले, की गूगलच्या ‘माय अ‍ॅड सेंटर’मध्ये कारणे दिसतात आणि तिथेच वैयक्तिक जाहिराती बंदही करता येतात. बंद केल्यावर जाहिराती थांबत नाहीत. त्या फक्त व्हिडिओचा विषय, गाव अशा गोष्टींवरून निवडल्या जातात.

मोबाइल कोणाचा, पाहणारा कोण?

जानेवारी 2020 पासून ‘मुलांसाठी’ अशी नोंद असलेल्या यूट्यूब व्हिडिओंवर वैयक्तिक जाहिराती दाखवत नाहीत. मुलांची माहिती पालकांच्या संमतीशिवाय गोळा केल्याच्या आरोपावरून अमेरिकेत 2019 मध्ये गूगल आणि यूट्यूबने 17 कोटी डॉलर भरून तडजोड केली, त्यानंतर हा बदल झाला. 18 वर्षांखालच्यांना वय, लिंग किंवा आवडीनुसार जाहिराती दाखवणार नाही, असे गूगलने 2021 मध्ये जाहीर केले.

पण संगणकाला मूल दिसत नाही, खाते दिसते. आपल्याकडे बहुतेक मुले आईच्या किंवा वडिलांच्या मोबाइलवर अभ्यास करतात. त्या खात्यावर वय चाळीस लिहिलेले असते. नववीतल्या मुलीने हृदयाचा व्हिडिओ लावला, तर लिलाव तिच्या वडिलांच्या नावाने होतो आणि जाहिरात तिच्यापुढे येते.

वर्गात याच्या उलट घडते. शिक्षकाने आपल्या खात्यावरून पडद्यावर व्हिडिओ लावला, तर त्याच्यासाठी निवडलेली जाहिरात चाळीस मुले पाहतात. एखादे सर दुसरी नोकरी शोधत असतील, तर ते मुख्याध्यापकांच्या आधी वर्गाला कळायचे! म्हणून वर्गासाठी वेगळे खाते ठेवावे, किंवा ब्राउझरची खासगी खिडकी उघडून, खाते न उघडता व्हिडिओ लावावा. आणि आधी एकदा व्हिडिओ पाहून पिवळ्या खुणांच्या वेळा टाचणवहीत लिहून घ्याव्यात. त्या वेळेच्या थोडे आधी आपणच व्हिडिओ थांबवून प्रश्न विचारला, तर निदान झडपा उघडताना मध्येच साबण येणार नाही.