सकाळी गप्प, संध्याकाळी घूं

आमच्या घरी मुलीच्या रियाजासाठी इलेक्ट्रॉनिक तानपुरा एका छोट्या अ‍ॅम्प्लिफायरवर लावलेला असतो. तो चालवायला ९ व्होल्टचा सप्लाय मीच कधीतरी घाईघाईत जोडला होता. सकाळी सगळे स्वच्छ वाजायचे. संध्याकाळी सातनंतर मात्र स्पीकरमधून घूं असा आवाज सुरू व्हायचा. तिची पट्टी पांढरी पाच. म्हणजे अगदी खालच्या सप्तकातला तिचा षड्ज ४९ हर्ट्झच्या आसपास येतो आणि घराघरातली वीज ५० हर्ट्झची असते. त्यामुळे ती घूं म्हणजे किंचित चढा लागलेला खर्जाचा सा होता. "बाबा, तुमचा डबा बेसूर आहे," ही तिची तक्रार शब्दशः खरी होती.

डबा उघडला. आत १२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, एकच डायोड, २२०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि शेवटी ९ व्होल्ट पक्के धरून ठेवणारा ७८०९ रेग्युलेटर. घोटाळा त्या एका डायोडपासून सुरू होत होता.

ट्रान्सफॉर्मरमधून येणारी वीज सेकंदाला पन्नास वेळा पुढे-मागे होते. डायोड ती एकाच दिशेला जाऊ देतो. एकच डायोड असला की पुढची लाट मिळते, मागची वाया जाते. हा हाफ-वेव्ह रेक्टिफायर. चार डायोडचा ब्रिज लावला तर मागची लाटही उलटी होऊन कामाला येते, तो फुल-वेव्ह. पहिल्यात दोन लाटांच्या शिखरांमध्ये २० मिलिसेकंद जातात, दुसऱ्यात १०. मधल्या वेळात अ‍ॅम्प्लिफायरला पोसायचे काम कपॅसिटरचे.

ज्यांच्या गावात नळाला एक दिवसाआड पाणी येते त्यांना हे वेगळे सांगायला नको. पाणी रोज येत असेल तर गच्चीवरची टाकी एका दिवसाच्या खर्चाची पुरते, दिवसाआड येत असेल तर दोन दिवसांची लागते. टाकी लहान असली तर नळ येईपर्यंत पातळी तळाला जाते. कपॅसिटर ही टाकी, त्यातला व्होल्टेज ही पातळी, आणि दोन भरण्यांमध्ये पातळी जितकी उतरते तो रिपल.

हिशोब तितकाच सरळ आहे. अँपिअरमधला प्रवाह गुणिले सेकंदातली वाट, भागिले फॅरडमधला कपॅसिटर, की व्होल्टमधला रिपल मिळतो. माझा अ‍ॅम्प्लिफायर अर्धा अँपिअर घेतो. ०.५ गुणिले ०.०२ भागिले ०.००२२, म्हणजे सुमारे ४.५ व्होल्ट. प्रत्यक्षात कपॅसिटर शिखराच्या थोडा आधीच भरायला लागतो, त्यामुळे खरा रिपल यापेक्षा जरा कमी असतो. पण हा हिशोब चुकतो तो सुरक्षित बाजूला, म्हणून मी तोच धरतो.

आता सकाळ-संध्याकाळचे कोडे. १२ व्होल्टच्या लाटेचे शिखर १.४१ पटीने, म्हणजे १७ व्होल्टवर असते. भरताना कपॅसिटर प्रवाहाचा मोठा घोट घेतो आणि त्या घोटात डायोड सुमारे एक व्होल्ट खातो. उरले १६. त्यातून ४.५ गेले की तळ ११.५ वर येतो. ७८०९ ला नीट काम करायला ९ वर निदान दोन व्होल्ट जास्त, म्हणजे ११ लागतात. सकाळी काठावर का होईना, भागत होते. संध्याकाळी सगळ्यांचे दिवे, पंखे, मिक्सर सुरू झाले की आमच्याकडे २३० व्होल्टचे २०७ होतात. मग शिखर १४.३ आणि तळ ९.८. दर लाटेला काही क्षण रेग्युलेटरच्या हातातून ९ व्होल्ट सुटतात. सेकंदाला पन्नास वेळा सुटतात, म्हणून ५० हर्ट्झची घूं.

कुणी म्हणेल, कपॅसिटर दुप्पट करून टाका की. कागदावर ते जमते. एका डायोडवर ४७०० मायक्रोफॅरड लावला तर संध्याकाळचा तळ १२.२ येतो. ब्रिज लावून तोच कपॅसिटर ठेवला तर रिपल १.१ व्होल्टवर येतो, पण वाटेत एकाऐवजी दोन डायोड येऊन आणखी एक व्होल्ट जातो आणि तळ पुन्हा १२.२! मीही दोनदा मांडून पाहिले. मग ब्रिजचा खटाटोप कशाला?

ट्रान्सफॉर्मरसाठी. हाफ-वेव्हमध्ये सगळा प्रवाह निम्म्याच घोटांत ओढला जातो, म्हणून प्रत्येक घोट दुप्पट मोठा. त्याने तारेचे गुंडाळे तापतात आणि शिखरही खाली दबते, त्यामुळे कागदावरचे १२.२ प्रत्यक्षात मिळत नाहीत. शिवाय प्रवाह एकाच दिशेने वाहिल्यामुळे लोखंडी गाभा एका बाजूला चुंबकीय होऊन बसतो आणि उष्णता आणखी वाढते. माझा ट्रान्सफॉर्मर हात ठेवता येणार नाही इतका गरम व्हायचा, त्याचे कारण हेच. एक डायोड शोभतो तो दहा-वीस मिलिअँपिअरच्या कामाला. अर्ध्या अँपिअरला त्याच्यावर काटकसर करणे म्हणजे तीन डायोडचे चार-सहा रुपये वाचवून ट्रान्सफॉर्मर जाळणे.

ब्रिज ठरल्यावर कपॅसिटर निवडायचा तो वाईटातल्या वाईट संध्याकाळीसाठी. शिखर १३.३, तळ ११.५ च्या खाली नको, म्हणजे रिपलला जागा १.८ व्होल्टची. उलटा हिशोब केला, ०.५ गुणिले ०.०१ भागिले १.८, तर सुमारे २८०० मायक्रोफॅरड आले. बाजारात त्यावरचा ३३०० मिळतो. पण अशा कपॅसिटरवर छापलेल्या आकड्यात वीस टक्के उणे चालते आणि उन्हाळ्यात बंद डब्यात वर्षे काढली की तो आणखी आटतो. म्हणून ४७००. त्यापुढे १०,००० वर जाण्यात मजा नाही. टाकी जितकी मोठी तितका भरण्याचा घोट आखूड आणि जोरकस, आणि बटण दाबताच रिकामी टाकी भरताना डायोडवर येणारा पहिला दणका अधिक मोठा.

छापलेला व्होल्टही पाहा. १२ चा ट्रान्सफॉर्मर म्हणून १६ व्होल्टचा कपॅसिटर घेणारे पुष्कळ. भार नसताना लहान ट्रान्सफॉर्मर १४ व्होल्टही देतो, रात्री उशिरा लाइनही चढलेली असते, आणि शिखर २० च्या पुढे जाते. २५ व्होल्टचाच घ्यावा.

तुमच्या सप्लायचे काय चालले आहे हे साध्या मल्टिमीटरने कळते. वीज बंद असताना मीटरच्या तारा कपॅसिटरच्या दोन टोकांना लावा, मीटर एसीवर ठेवा, भार जोडून सप्लाय सुरू करा. ट्रान्सफॉर्मरच्या २३० व्होल्टच्या बाजूला हात नको. एसीवर डीसीही मोजणारी काही स्वस्त मीटर असतात, त्यांच्या एका तारेत एक मायक्रोफॅरडचा साधा कपॅसिटर घाला. आकडा रिपलच्या साधारण तीस टक्के येतो. माझ्या जुन्या जोडणीत १.३ दिसत होते, आता संध्याकाळीही ०.३ दिसतात. आणि एक खूण कानाची. फुल-वेव्हची घूं १०० हर्ट्झची असते. चालत्या सप्लायमध्ये ती अचानक एक सप्तक खाली उतरली, तर ब्रिजमधला एक डायोड तुटला आहे, कपॅसिटर बदलत बसू नका.