चावी मिळाली, ओसीचे काय?

भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेली ओसी. इमारत मंजूर नकाशाप्रमाणे बांधली आहे आणि तिथे राहायला हरकत नाही, असे महापालिकेने किंवा त्या भागाच्या नियोजन प्राधिकरणाने दिलेले हे पत्र. सीसीने बांधायची परवानगी मिळते, ओसीने राहायची. अग्निशमन दलाचा दाखला, लिफ्टचा परवाना, सांडपाण्याची जोडणी अशी कागदपत्रे जोडून बिल्डरचा वास्तुविशारद अर्ज करतो आणि पालिकेचे अभियंते पाहणीला येतात. घोडे अडते ते बहुधा नकाशाबाहेरच्या बांधकामावर: पार्किंगच्या जागेत काढलेला गाळा, किंवा परवानगीपेक्षा जास्त चढवलेला मजला.

महाराष्ट्राचा 1963चा मोफा कायदा या बाबतीत सरळ आहे. असे प्रमाणपत्र मिळाल्याशिवाय बिल्डरने फ्लॅटचा ताबा देऊ नये आणि घेणाऱ्यानेही तो घेऊ नये. पळवाट निघते ती शब्दांतून. चावी दिली जाते, पण पत्रात ‘ताबा’ऐवजी ‘फर्निचरच्या कामासाठी प्रवेश’ किंवा ‘फिट-आऊट’ असे लिहिलेले असते. सुतार येतो, कपाटे होतात, एक दिवस गॅसही पेटतो. भाडे आणि हप्ता दोन्ही भरून थकलेले कुटुंब या पत्रावर सही करते, यात नवल नाही.

पुढे काय होते, हे मुंबईतील एका गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात दिसते. सभासदांना 1997 मध्ये ताबा मिळाला, ओसी मिळालीच नाही. परिणामी संस्थेला मालमत्ता कर 25 टक्के आणि पाणीपट्टी 50 टक्के जास्त भरावी लागत होती. तक्रार मुदतबाह्य आहे, असे राष्ट्रीय ग्राहक आयोगाने म्हटले. जानेवारी 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते फिरवले: ओसी न मिळवणे ही सेवेतील त्रुटी आहे आणि ती मिळेपर्यंत चूक चालूच राहते. तोवर ताबा मिळून 25 वर्षे होत आली होती. 25 टक्के आणि 50 टक्के हा भुर्दंड रहिवाशांच्याच खिशातून गेला.

ओसी आहे एवढे ऐकून थांबणेही पुरेसे नाही. ती अंशतः असू शकते. पत्रात ‘बी विंग, पहिला ते सातवा मजला’ असे असेल, तर अकराव्या मजल्यावरच्या फ्लॅटला अजून ओसी नाही, मग लॉबीत तिची प्रत चौकटीत लावलेली असली तरी. म्हणून विंग, मजले, तारीख आणि खालच्या अटी मूळ पत्रावरूनच वाचाव्यात.

रेरा कायद्याच्या कलम 19 प्रमाणे ओसी मिळाल्यापासून दोन महिन्यांत ग्राहकाने ताबा घ्यायचा असतो. ओसीशिवाय आलेल्या ‘ताबा घ्या’ या पत्राने ही मुदत सुरू होत नाही.