मतलई आणि खारा वारा

कोकणच्या किनाऱ्यावर ऑक्टोबर ते मे या काळात चोवीस तासांत वाऱ्याची दिशा दोनदा उलटते. दुपारी समुद्रावरून जमिनीकडे येतो तो खारा वारा. उत्तररात्रीपासून सकाळपर्यंत जमिनीवरून समुद्राकडे जातो तो मतलई वारा. शिडाच्या होडीला पहाटे बाहेर काढण्याचे काम मतलई करतो आणि दुपारी घरी आणण्याचे काम खारा वारा. इंजिने येण्यापूर्वी किनाऱ्यालगतच्या मासेमारीचे वेळापत्रक याच जोडीवर बसलेले होते.

ही जोडी जन्मते जमीन आणि पाणी यांच्या तापण्या-निवण्यातल्या फरकातून. सूर्याची उष्णता जमिनीच्या वरच्या पातळ थरातच अडकते, म्हणून जमीन झटपट तापते. पाण्यात ती खोलवर जाते, लाटांनी ढवळली जाते आणि पाण्याला मुळात तापायलाही जास्त उष्णता लागते. जानेवारीत कोकणातली हवा पहाटे 17-18 अंशांपर्यंत उतरते आणि दुपारी 31-32 अंशांवर जाते. जवळचा समुद्र मात्र दिवसरात्र 27 अंशांच्या आसपास राहतो. दुपारी तापलेल्या जमिनीवरची हवा हलकी होऊन वर चढते, किनाऱ्यावर दाब किंचित घटतो आणि समुद्रावरची थंड, जड हवा ती जागा घ्यायला आत येते. रात्री आकाश निरभ्र असले की जमीन आपली उष्णता गमावून समुद्रापेक्षा थंड होते आणि हाच फेरा उलटा फिरतो.

दोन्ही वारे सारख्या ताकदीचे नसतात. दुपारी जमिनीवरची हवा बऱ्याच उंचीपर्यंत ढवळली जाते, त्यामुळे खारा वारा जाड थरात आणि जोरात, ताशी 15 ते 25 किलोमीटरने, वाहतो. रात्री थंड होणारा थर पातळ असतो, म्हणून मतलई निम्म्यानेही वाहत नाही आणि किनाऱ्यापासून फार दूर पोचतही नाही. त्याला मदत होते ती सह्याद्रीची. रात्री डोंगरउतारांवर निवलेली हवा नद्यांच्या दऱ्यांतून खाली घसरते, म्हणून खाडीच्या मुखाशी मतलई अधिक जाणवतो.

दिशेतही एक बारकावा आहे. पृथ्वीच्या फिरण्यामुळे उत्तर गोलार्धात वारा उजवीकडे वळत जातो. सकाळी अकराच्या सुमारास पश्चिमेकडून सुरू झालेला खारा वारा दुपार चढेल तसा वायव्येचा होतो. हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात या किनाऱ्यावर वाहणाऱ्या उत्तरेकडच्या वाऱ्याचीही त्यात भर पडते. मतलई साधारणपणे पूर्व ते ईशान्य या दिशांचा असतो. जाण्याचा आणि येण्याचा वारा अगदी समोरासमोरचा नसतो, हे होडी हाकणाऱ्याला लक्षात ठेवावे लागते.

दापोली तालुक्यातल्या अंजर्ल्याच्या खाडीतून जानेवारीत निघणारी शिडाची लहान होडी धरून हा हिशेब मांडता येतो. पहाटे तीनला ती निघते. मतलई मंद असल्याने तिचा वेग ताशी चारेक किलोमीटर, म्हणजे सात वाजेपर्यंत ती सोळा किलोमीटर बाहेर असते. तांडेल नाळ सरळ पश्चिमेला न ठेवता वायव्येकडे ठेवतो. ईशान्येचा वारा होडीला दक्षिणेकडे ढकलत असतोच, आणि दुपारी वारा वायव्येचा होणार असतो. घराच्या उत्तरेला असलेल्या होडीला तो वारा पाठीमागून मिळतो. दक्षिणेला घसरलेल्या होडीला मात्र वाऱ्याच्या तोंडावर, नागमोडी रेघा मारत चढावे लागते आणि दोन तासांच्या वाटेला सहा तास लागू शकतात.

आठ-नऊनंतर मतलई मरतो. खारा वारा लागेपर्यंत समुद्र तेलासारखा संथ होतो. शीड लोंबते, पण जाळे ओढायला हीच वेळ सोयीची, कारण होडी हेलकावत नाही. नवा वारा प्रथम किनाऱ्यालगत सुरू होतो आणि मग बाहेर पसरतो. त्यामुळे गुळगुळीत पाण्यावर काळसर, खरखरीत पट्टा आधी किनाऱ्याच्या बाजूला दिसतो, होडीपर्यंत वारा पोचायला आणखी वेळ जातो. एकच्या सुमारास शीड भरले की ताशी सात-आठ किलोमीटरने होडी तीनपर्यंत खाडीच्या तोंडाशी येते.

तिथे दुसरा हिशेब उभा राहतो, भरतीचा. खाडीच्या मुखाशी वाळू साचलेली असते आणि ओहोटीला तिच्यावर पुरेसे पाणी नसते. भरतीची वेळ काढण्याचा कोकणातला जुना आडाखा सोपा आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणजे रात्री तीनला आणि दुपारी तीननंतर थोड्या वेळाने पूर्ण भरती. त्या दिवशी सगळेच जुळते. निघताना भरती नुकतीच पूर्ण झालेली असते, ओहोटीचे पाणी मतलईबरोबर होडीला बाहेर लोटते आणि परतताना मुख भरलेले असते. पौर्णिमेला पंधरा पाऊणे सव्वाअकरा. त्या दिवशी भरती सव्वाअकराची आणि ओहोटीचा तळ साडेपाचच्या आसपास. उधाणाची ओहोटी नेहमीपेक्षा खोल जाते. अशा रात्री तीनची वेळ उपयोगाची नाही. होडी मध्यरात्रीपूर्वीच पाणी असताना मुखाबाहेर काढून नांगरून ठेवावी लागते, आणि दुपारी परतल्यावर पाणी चढेपर्यंत बाहेर थांबावे लागते किंवा जवळच्या हर्णै बंदरात माल उतरवावा लागतो. त्यातच खाऱ्या वाऱ्याने उठवलेल्या लाटा उथळ वाळूवर फुटत असतात, म्हणून घाई करणारी होडी तिथेच उलटण्याचा धोका असतो.

हे चक्र कधी बिघडते याच्याही खुणा आहेत. रात्री ढग असतील तर जमीन नीट निवत नाही आणि मतलई उशिरा लागतो किंवा लागतच नाही. किनाऱ्यावरच्या चुलीचा धूर सरळ वर जात असेल तर निघण्यात अर्थ नसतो, तो समुद्राकडे वाकला की वारा लागला. फेब्रुवारी-मार्चमध्ये कधी देशावरून पूर्वेचा कोरडा, जोरदार वारा येतो आणि दुपारपर्यंत खाऱ्या वाऱ्याला अडवून धरतो. त्या दिवशी किनारा भाजून निघतो, मुंबईत पारा चढतो आणि बाहेर गेलेल्या शिडाच्या होड्या परतीच्या वाऱ्याची वाट पाहत अडकतात. सर्वांत गंभीर खूण म्हणजे दिवसरात्र एकाच दिशेचा वारा आणि त्यासोबत लांबून येणाऱ्या मोठ्या, संथ लाटा. मे महिन्यात किंवा पावसाळ्यानंतर असे झाले तर दूर कुठेतरी वादळ असण्याची शक्यता असते. जून ते सप्टेंबर नैर्ऋत्य मोसमी वारा इतका प्रबळ असतो की हे चक्र जवळजवळ पुसले जाते.

इंजिनामुळे परतीसाठी वाऱ्यावर थांबण्याची गरज संपली आणि अनेक दिवस समुद्रात राहणाऱ्या ट्रॉलरना या चक्राचे फारसे देणेघेणे उरले नाही. लहान फायबरच्या होड्यांना मात्र ते अजून बांधते. दुपारी खाऱ्या वाऱ्याने आखूड, खड्या लाटा उठतात, पाणी आत येते आणि जाळे ओढणे अवघड होते. म्हणून त्या पहाटे निघतात, सकाळच्या संथ पाण्यात काम उरकतात आणि वारा चढण्याआधी किनारा गाठतात. पूर्वी जो खारा वारा लागल्याशिवाय परतता येत नव्हते, तो लागायच्या आत परतणे हा आता त्यांचा नेम झाला आहे.