एप्रन बसला, गळा फसला

नुकत्याच डॉक्टर झालेल्या मुलीचा फोटो कुर्त्यातला आहे आणि दवाखान्याच्या फलकासाठी तिला पांढरा एप्रन, स्टेथोस्कोप हवाय. फोटोशॉपमध्ये तयार एप्रन खांद्यांवर ठेवणं सोपं. (पदवी नसलेल्याला मी तो चढवत नाही.) बिंग फुटतं ते गळ्यापाशी.

आधी नाकाची सावली पाहायची. ती एका बाजूला आणि एप्रनच्या घड्या दुसऱ्याच बाजूला काळवंडलेल्या असतील, तर एप्रन आडवा उलटवावा लागतो. मग छातीवरचा खिसाही उजवीकडे जातो, तो पुन्हा डावीकडे आणायचा. `Warp` वापरून कॉलर मानेच्या गोलाईला टेकवायची. कॉलरची मागची कड मानेआड गेली नाही, तर डोकं वरून ठेवल्यासारखं दिसतं.

सावल्या दोन: हनुवटीखालची रुंद, मऊ आणि कॉलरलगतची बारीक, गडद. त्या वेगळ्या थरावर `Multiply` लावून रंगवायच्या, पण काळ्याने नाही. त्वचेतलाच गडद तपकिरी घ्यायचा, नाहीतर मान मळकट दिसते. स्टेथोस्कोपच्या नळीखाली मात्र करडी सावली, कारण ती पांढऱ्या कापडावर पडते.